कौलं उतरवल्यावरच खरा आकडा कळतो: दुरुस्तीच्या कॅरोसेलमध्ये खर्च कसा लिहावा

प्रश्न: "मी म्हापशाच्या आसपास जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं घेतो. एका कामाचे आधीचे, चालू असतानाचे आणि नंतरचे फोटो इन्स्टाग्रामवर कॅरोसेल करून टाकायचे आहेत, सोबत खर्चही. पण आकडा लिहिला की पुढचं गिऱ्हाईक तोच धरून बसतं, नाही लिहिला तर सगळे 'रेट काय?' एवढंच विचारतात. खोटं न बोलता आणि नंतर अंगावरही न येता खर्चाची रेंज कशी सांगायची?"

आकडा जरूर लिहा. मात्र तो बंद झालेल्या बिलाचा असू द्या, आणि तो कमी-जास्त कशाने होतो हे कामाच्या फोटोंतूनच दाखवा. बहुतेक कॅरोसेलमध्ये मधले फोटो नुसते भरतीला असतात: परातीत माल कालवलेला, शिडीवर मेस्त्री, पसारा. वास्तविक पैसे तिथेच खर्च झालेले असतात. पहिल्या आणि शेवटच्या फोटोवरून काय बदललं ते दिसतं. त्यासाठी किती आणि का लागले, हे सांगण्याची ताकद फक्त मधल्या फोटोंत असते. ते नीट काढलेले असतील तर कोणी आकडा धरून बसलं तरी त्याला त्याच पोस्टमधला फोटो दाखवून बोलता येतं.

रेंज किती रुंद ठेवायची हे कामावर अवलंबून आहे. फ्लॅटमधलं बाथरूम तोडून नवं करायचं असेल तर फरशी, पाइप, नळ, टाइल सगळं आधी मोजता येतं. तिथे फार रुंद रेंज लिहिली तर लोकांना टाळाटाळ वाटते आणि त्यांचं चुकत नाही. जुन्या कौलारू छपराचं तसं नाही. तिथे कौलं उतरवेपर्यंत लाकडाची खरी अवस्था मालकालाही माहीत नसते आणि आपल्यालाही. गोव्यात आपल्याकडे सर्वांत जास्त चौकशी याच कामाची येते आणि सर्वांत जास्त भांडणंही याच कामावरून होतात, म्हणून एका छपराचाच हिशेब उलगडून सांगतो.

घर फोंडा तालुक्यातलं, चिऱ्यांच्या भिंतींचं, साधं दुपाखी, वर मंगळुरी कौलं. मालकाची तक्रार एवढीच की स्वयंपाकघराच्या बाजूला गळतं. दर वर्षी शाकारणी करूनही दोन पावसाळे वर निळं प्लास्टिक टाकून काढले होते. वळचणीसकट घराची लांबी ४० फूट आणि रुंदी ३० फूट, म्हणजे जमिनीवरून पाहिलं तर १,२०० चौरस फूट. पण छपराला साधारण ३० अंशांचा उतार होता. अशा उतारावर प्रत्येक पाख १५ फुटांऐवजी सव्वासतरा फुटांच्या आसपास भरतं आणि छपराचं खरं क्षेत्रफळ जवळपास १,३८५ चौरस फूट होतं. पंधरा टक्क्यांचा हा फरक कॅरोसेलमध्ये लिहिला नाही तर तुमचा चौरस फुटाचा दर वाचणारा तो आपल्या घराच्या चटईक्षेत्राला लावणार आणि तुम्ही कोटेशन दिल्यावर "पोस्टमध्ये तर कमी होतं" म्हणणार. मी दर नेहमी उताराच्या मापावर लिहितो आणि मोजणीचा एक फोटो टाकतोच: आढ्यापासून वळचणीपर्यंत धरलेली टेप, आकडा वाचता येईल असा.

काम घेताना आतून, माळ्यावर चढून तपासणी केली. वाशांच्या बुडाशी स्क्रू-ड्रायव्हर टोचला, जिथे तो सहज आत गेला तिथे खडूने फुली मारली. वाळवीच्या मातीच्या रेषा कुठवर चढल्यात ते पाहिलं. एकूण ४२ वासे होते, त्यांतले आठ बदलावे लागतील असं दिसलं आणि त्यावरून २,६८,००० रुपयांचं कोटेशन दिलं. सोबत लिहून दिलं की कौलं उतरवल्यावर जास्त वासे खराब निघाले तर प्रत्येकी किती वाढतील, आणि भिंतीवरची लाकडी पाट, म्हणजे ज्या लाकडावर सगळे वासे टेकतात ती, बदलावी लागली तर किती. ही ओळ कोटेशनमध्ये असेल तरच कॅरोसेलमधली रेंज प्रामाणिक ठरते, कारण तुम्ही जगाला जे सांगताय ते त्या मालकालाही आधी सांगितलेलं असतं.

कौलं उतरवली तेव्हा आठाचे चौदा वासे झाले. वासा भिंतीवर टेकतो तिथे पाट आणि चिरा यांच्या बेचक्यात ओल धरून राहते, वरून कौल फुटलं की पाणी थेट तिथेच उतरतं, आणि आतून पाहताना नेमका तेवढाच भाग दिसत नाही. वरून धडधाकट दिसणारा वासा खालच्या वीतभर भागात बोटाने चुरावा असा झालेला असतो. स्वयंपाकघराच्या बाजूची पाटही वाळवीने पोखरलेली निघाली. सहा जादा वाशांचे लाकूड आणि सुतारकाम धरून १४,५०० रुपये, पाटीचे १०,५०० रुपये, असे २५,००० वाढले आणि बिल २,९३,००० च्या घरात बंद झालं.

माझ्या मते त्या कॅरोसेलमधला सर्वांत मोलाचा फोटो तयार छपराचा नव्हताच. उतरवलेले चौदा वासे अंगणात ओळीने मांडून, सगळ्यांची कुजलेली टोकं एका बाजूला करून काढलेला होता तो. त्याच्या शेजारच्या स्लाइडवर एकाच टोकाचा जवळून फोटो, त्यात टोचलेला स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेलेला. त्याखाली एक ओळ: "अंदाज ८, निघाले १४, वाढ १४,५०० रुपये." हे पाहिल्यावर रेंज का असते, हा प्रश्न मला फारसा कोणी विचारत नाही. तुमचं काम सुरू झालं की असा फोटो घ्यायची वेळ एकदाच येते. लाकूड सरपणाला गेलं की संपलं, म्हणून सुताराला आधीच सांगून ठेवा.

कौलांचंही तसंच. एका चौरस मीटरला १५ च्या आसपास कौलं बसतात, म्हणजे या छपराला १,९०० च्या वर. जुनी कौलं फेकायची नसतात. कित्येक नव्यांपेक्षा चांगली निघतात. प्रत्येक कौल हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवायचं. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द आवाज आला तर त्यात केसासारखी चीर असते, ते बाजूला. शेवाळ तारेच्या ब्रशने काढून धुवायचं. या घरात साधारण १,१०० कौलं वाचली, ८५० नवी आणली. पण जुन्या आणि नव्या कौलांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत, वेगवेगळ्या कारखान्यांच्या मापांत थोडा फरक असतोच, आणि सरमिसळ केली की तिथूनच पाणी शिरतं. म्हणून नवी सगळी स्वयंपाकघराच्या पाखावर, जिथे गळती होती, आणि जुनी समोरच्या पाखावर लावली. मागे कमी पडली ती जुन्यांतली निवडून वरच्या ओळींत, आढ्याला लागून घातली. यामुळे एक पाख लालभडक आणि दुसरं काळपट दिसतं. काही जण 'नंतर'च्या फोटोसाठी जुन्या कौलांना रंग फासतात. मी तसं करत नाही आणि करू नका असंच सांगेन. दोन रंगांचं छप्पर हाच पुरावा आहे की मालकाचे निम्म्याहून जास्त कौलांचे पैसे वाचवले.

आता खर्चाची स्लाइड. तीत सात-आठ ओळींपेक्षा जास्त नको, फोनवर वाचता आलं पाहिजे. या कामाची अशी होती: कौलं उतरवणं, निवडणं, धुणं आणि परत घालणं, ८३,००० रुपये. नवी कौलं, आढ्यावरचे कोने आणि वाहतूक ४४,०००. वासे, नव्या रिपा, पाट आणि सुतारकाम ९६,०००. वाळवीचं औषध आणि लाकडाला तेल १२,०००. वळचणीला पन्हळ २४,०००. परांची, ताडपत्री आणि राडारोडा उचलणं २४,०००. कोन्यांचा जोड आणि भिंतीच्या माथ्याचा गिलावा १०,०००. बेरीज २,९३,०००, उताराच्या मापाने चौरस फुटाला सुमारे २१० रुपये. यात 'इतर खर्च' अशी ओळ नाही, हे मुद्दाम सांगतो. ज्याला नाव देता येत नाही असा खर्च बिलात असेल तर तो जगाला दाखवण्याआधी मालकाला समजावून सांगायला हवा.

रेंज या बिलावरूनच निघते, हवेतून नाही. मी अशी काढतो: याच घरात फक्त चार वासे खराब निघाले असते, पाट शाबूत असती आणि आणखी ४०० कौलं वाचली असती, तर बिल २,४०,००० च्या आसपास आलं असतं. उलट २६ वासे गेले असते, दोन्ही बाजूंच्या पाटी बदलाव्या लागल्या असत्या आणि ३०० कौलं जास्त आणावी लागली असती, तर ३,४५,००० पर्यंत गेलं असतं. म्हणजे चौरस फुटाला १७५ ते २५०. पोस्टवर मी ही रेंज लिहितो आणि दोन्ही टोकांखाली ती परिस्थिती एका ओळीत लिहितो. नुसतं '१७५ पासून पुढे' असं लिहिणं म्हणजे ज्या घरात चारच वासे खराब आहेत त्याची किंमत सगळ्यांना दाखवणं. तशी घरं फार थोडी असतात, आणि असतात त्यांचे मालक सहसा आपल्याला बोलवत नाहीत.

एक मर्यादा मात्र स्पष्ट लिहा. आढंच वाकलं असेल किंवा भिंतीचा माथा सुटला असेल तर ते काम या रेंजमध्ये बसत नाही, तो वेगळा हिशेब. तसंच सगळ्या लाकडी सांगाड्याची जागा लोखंडी नळ्यांनी घ्यायची असेल तर हा दर लागू नाही. इतरही गोष्टी आकडा हलवतात. टेम्पो दारापर्यंत येत नसेल तर कौलं पाणंदीतून डोक्यावरून न्यावी लागतात आणि ती मजुरी वेगळी पडते. माट्टीचं वाळलेलं लाकूड मिळालं नाही तर एकतर थांबावं लागतं किंवा महागाचं घ्यावं लागतं. ओलं लाकूड घातलं तर पहिल्याच उन्हाळ्यात पिळतं आणि कौलांची ओळ उचलली जाते. आणि मे महिन्यात सगळ्यांनाच मिरगाआधी छप्पर झाकून हवं असतं, तेव्हा माणसं मिळवायला जास्त मोजावे लागतात. दिवाळीनंतर लगेच सुरू केलेलं काम आणि मेमध्ये धावपळीत केलेलं काम यांचा एकच दर लिहू नका.

हे सगळं कुठे लिहायचं, यावर मी थोडा हट्टी आहे. कॅप्शनमध्ये नाही, खर्चाच्या स्लाइडवरच. लोक त्या एकाच स्लाइडचा स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात. कॅप्शन मागेच राहतं आणि आकडा एकटा गावभर जातो. म्हणून त्याच चौकटीत, आकड्याच्या लगेच खाली, कमीत कमी एवढं हवं: छपराचं माप आणि ते कशावर धरलं, काम कोणत्या महिन्यात आणि वर्षी संपलं, आणि काय धरलेलं नाही. या कामात वायरिंग, आतलं सिलिंग, भिंतींचा रंग, जीएसटी आणि पंचायतीच्या परवानगीचा खर्च धरलेला नव्हता. ते सरळ लिहिलं. महिना-वर्ष फार महत्त्वाचं. कॅप्शन नंतर बदलता येतं, पण चित्रावर छापलेला आकडा तसाच राहतो आणि दोन वर्षांनीही कोणीतरी तो घेऊन येतो. तारीख असेल तर निदान बोलायला आधार असतो.

क्रमाबद्दल म्हणाल तर इन्स्टाग्रामवर आता एका पोस्टमध्ये २० स्लाइड चालतात, पण एवढ्या लागत नाहीत, नऊ-दहा पुरे. माझ्याकडे पहिली स्लाइड गळतीची असते, तयार छपराची नसते. ज्याच्या घरी भिंतीवर तसेच ओघळ आहेत तो तिथेच थांबतो. दुसऱ्याच स्लाइडवर रेंज देऊन टाकतो, म्हणजे आकडा लपवलाय असं वाटत नाही आणि ज्याचं बजेट बसत नाही त्याचा वेळ वाचतो. मग मोजणी, तपासणीच्या खडूच्या फुल्या, उतरवलेले वासे, कौलांची निवड, नव्या रिपा, नंतर खर्चाची पूर्ण फोड, आणि शेवटी तयार छप्पर. आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच जागेवरून, फोनच्या साध्या लेन्सने, जमेल तितक्या एकाच वेळच्या उजेडात काढा. आधीचा फोटो ढगाळ संध्याकाळी आणि नंतरचा रुंद लेन्सने सकाळच्या उन्हात काढला तर खोली आपोआप मोठी आणि स्वच्छ दिसते. त्यात तुमच्या कामाचं काही नसतं, आणि जाणकार माणसाला ते लगेच कळतं.

शेवटच्या फोटोबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. मेमध्ये काढलेला तयार छपराचा फोटो मी 'नंतर' म्हणून टाकत नाही. आपल्याकडे पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात लागतो आणि छपराची परीक्षा तेव्हा होते, त्यातही वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस झाला की. या घराचे फोटो मी जुलैमध्ये परत जाऊन घेतले: स्वयंपाकघराची तीच भिंत, तोच कोपरा, कोरडा. बाहेर पन्हळीतून धो धो पाणी जातंय, तेही घेतलं. कोन्यांच्या जोडातून एका ठिकाणी किंचित ओल दिसत होती, ती पाऊस उघडल्यावर आमच्याच खर्चाने नीट करून दिली आणि तेही पोस्टमध्ये लिहिलं. तुम्हाला इतकं थांबायचं नसेल तर मेमध्ये जरूर पोस्ट करा, पण शेवटच्या स्लाइडवर 'पावसाआधी' असं लिहा आणि पावसातला फोटो नंतर वेगळा टाका. लाकडी कामात वर्षभराने सुद्धा काही हलतं. पहिल्या उन्हाळ्यानंतर एकदा चक्कर मारायची सवय असेल तर तीही सांगा.

मालकाची परवानगी तोंडी नको, मेसेजवर लिहून घ्या, आणि त्यात खर्च जाहीर करण्याचा वेगळा उल्लेख असू द्या. फोटोला हो म्हणणारी कित्येक माणसं किती पैसे घातले हे वाड्यावर कळू नये म्हणून बिलाला नाही म्हणतात, ते साहजिक आहे. तसं असेल तर नेमकं बिल न देता फक्त रेंज आणि माप द्या. घराचा दर्शनी भाग टाळा. दारातलं तुळशीवृंदावन, गेटवरची पाटी, शेजारचं देऊळ यांवरून गावातला माणूस घर लगेच ओळखतो. देवघर विचारल्याशिवाय फोटोत घेऊ नका. ठिकाण म्हणून तालुका लिहिला तरी पुरतो.

पोस्ट केल्यावरही 'रेट काय?' येणारच. त्याला उत्तर म्हणून परत रेंज देऊ नका, तीन गोष्टी विचारा: छपराची लांबी-रुंदी किती, घर किती जुनं आणि शेवटचं कधी दुरुस्त झालं, आणि माळ्यावरून वाशांच्या बुडाचे चार-पाच फोटो पाठवता येतील का. फोटो आले की "तुमचं घर रेंजच्या वरच्या बाजूला वाटतंय, कारण वळचणीकडचे वासे काळे पडलेत" असं नेमकं सांगता येतं. ज्यांना खरंच काम करायचंय ते माळ्यावर चढून फोटो काढतात. पाहणीला जाताना मग स्क्रू-ड्रायव्हर, टेप आणि खडू बरोबर घ्या, आणि पहिल्या फुलीपासूनच फोटो काढायला लागा, कारण ते काम मिळालं तर पुढच्या कॅरोसेलची तिसरी-चौथी स्लाइड तिथेच तयार होते.